'सोबत : वरीलप्रमाणे' असं लिहिलंत तर पैसे विसरा

पोस्ट लांब आहे, निवांत वेळ असेल तेव्हा वाचा. विषय दिसायला किरकोळ आहे. पैशांच्या मागणीचं पत्र लिहिताना सगळ्यात शेवटी, सहीच्या खाली डावीकडे, 'सोबत :' म्हणून आपण काय लिहितो, त्याबद्दल. पण या चार-आठ ओळींवर आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षकांचे दीड लाख रुपये अवलंबून होते. त्यांच्या परवानगीने लिहितेय. बँकेचं नाव देणार नाही, विचारू नका. त्यांचंही नाव नको, आपण त्यांना नुसतं सर म्हणू.

माझी नोकरी लेखा शाखेत गेली. टेबलावर येणारी बिलं आणि अर्ज तपासणं हेच काम. तपासणाऱ्याची बाजू म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही म्हणून सांगते. माझ्यासमोर अर्ज आला की मी तो खरा की खोटा असा विचार करत नसे. अमुक तारखेला अमुक रक्कम भरली असं लिहिलंय, तर ते कुठल्या कागदावर दिसतं, एवढंच बघत असे. कागद सापडला की समासात पेन्सिलीने बरोबरची खूण. नाही सापडला की 'पुष्ट्यर्थ कागदपत्र जोडलेले नाही' असा शेरा, आणि अर्ज परत. माणूस शंभर टक्के खरं बोलतोय हे दिसत असूनही मी असे शेरे मारलेत. कारण उद्या ऑडिटवाला मला विचारणार, तुम्ही हे कशाच्या आधारे पास केलं? तेव्हा 'त्यांचा चेहरा प्रामाणिक होता' हे उत्तर चालत नाही.

बँकेतल्या माणसाचंही तेच असतं. तुमचे पैसे देऊन टाकावेत असं त्याला मनातून वाटलं तरी वरच्या ऑफिसला पाठवायच्या टिपणीत त्याला प्रत्येक वाक्यापुढे कागदाचा हवाला द्यावा लागतो. तो हवाला आपण आयता दिला तर टिपणी अर्ध्या तासात होते. नाही दिला तर आपलं पत्र ढिगाच्या तळाशी जातं. यात कोणाचा वाईट हेतू असावाच लागतो असं नाही.

आता सरांचं प्रकरण. २०१४ मध्ये त्यांनी फ्लॅटसाठी गृहकर्ज घेतलं. निवृत्तीचे पैसे आल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळं एकरकमी फेडून टाकलं. कर्ज घेताना बँकेने फ्लॅटचा मूळ नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, नोंदणीची पावती आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट ठेवून घेतलं होतं. ते परत मिळायला हवं होतं. सरांना फ्लॅट विकून मुलीजवळ राहायला जायचं होतं, गिऱ्हाईक तयार होतं, इसार घेऊन झाला होता. पण मूळ करारनामा हातात असल्याशिवाय गिऱ्हाइकाची बँक त्याचं कर्ज मंजूर करेना. सर शाखेत खेपा घालत राहिले. कागद मिळाले २४ एप्रिलला. तोवर गिऱ्हाइकाने इसार परत मागितला होता.

याबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नाही. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकात म्हटलंय, की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि मालमत्तेवर नोंदवलेला बोजाही काढून टाकायचा. बँकेच्या कारणाने उशीर झाला तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. १ डिसेंबर २०२३ पासून पुढे ज्यांचे कागद परत करायचे झाले त्यांना हा नियम लागू. राष्ट्रीयीकृत आणि खाजगी बँका, सहकारी बँका, गृहवित्त कंपन्या, सगळे यात येतात.

सरांनी स्वतः एक पत्र लिहून ठेवलं होतं. शिक्षक माणूस, मराठी उत्तम. दोन पानांत मनस्ताप, ज्येष्ठ नागरिकाची अवहेलना, 'वारंवार हेलपाटे', 'उडवाउडवीची उत्तरे', सगळं होतं. शेवटी मागणी ४२ दिवसांचे २,१०,००० रुपये. आणि सहीखाली : 'सोबत : वरीलप्रमाणे कागदपत्रे.'

मी म्हणाले, "सर, वरीलप्रमाणे म्हणजे कुठली?"

"सगळी जोडलीयत की ताई. फाइलच देतोय."

फाइल उघडली. बावन्न पानं. दहा वर्षांचा कर्जखात्याचा उतारा, आधार, पॅन, वीजबिल, निवृत्तीचा आदेश, नातवाच्या शाळेची एक पावती चुकून आलेली. आणि या सगळ्यात जो कागद खरा महत्त्वाचा, तो नव्हताच. त्याकडे येते.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण पद्धत कुठल्याही पैशांच्या पत्राला लागू पडते. सरांच्या पत्राची एक झेरॉक्स काढली आणि लाल पेनाने त्यातलं प्रत्येक असं वाक्य अधोरेखित केलं ज्यात तारीख आहे, रक्कम आहे किंवा 'अमुक घडलं' असं विधान आहे. मग एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, हे मी बँकेच्या माणसाला कुठल्या कागदावर दाखवू? कागद असला तर समासात त्याचं नाव. नसला तर कोरं सोडायचं. बावीस वाक्यं निघाली. त्यातल्या तेरा वाक्यांसमोर समास कोराच राहिला.

कोऱ्या वाक्यांपैकी बहुतेक खेपांबद्दलची होती. 'मी किमान नऊ वेळा शाखेत गेलो.' गेले असणारच, मला खात्री आहे. पण नऊपैकी फक्त एका खेपेचा कागद होता, १८ मार्चला दिलेला लेखी अर्ज, शाखेच्या शिक्क्यानिशी. म्हणून पत्रात तेवढीच खेप ठेवली. सरांना ते फार लागलं. "म्हणजे बाकी आठ वेळा मी गेलोच नाही असं होतं का?" तसं होत नाही. पण तपासणाऱ्याला पहिल्याच पानावर एक विधान असं भेटलं की ज्याला आधार नाही, तर पुढच्या आधार असलेल्या विधानांकडेही तो संशयाने बघायला लागतो. टेबलाच्या त्या बाजूला बसून मी हे स्वतः केलंय.

दुसरा घोळ तारखेचा. सरांचं म्हणणं, कर्ज १२ फेब्रुवारीला फेडलं. काउंटर स्लिप होती १२ तारखेची, त्यांनी चेक टाकला त्या दिवसाची. पण कर्जखात्याच्या उताऱ्यात रक्कम १४ फेब्रुवारीला जमा झालेली दिसते आणि खातं शून्य त्याच दिवशी. बँकेने दिलेल्या कर्ज फिटल्याच्या दाखल्यातही १४ तारीख. नियमातले ३० दिवस कर्ज पूर्ण फिटल्यापासून मोजायचे, म्हणजे १४ पासून. पत्रात १२ लिहिलं असतं आणि सोबतच्या उताऱ्यात १४ दिसलं असतं, तर आपल्याच कागदाने आपल्याला खोटं पाडलं असतं. म्हणून जोडलेला प्रत्येक कागद आधी बँकेच्या नजरेने वाचायचा. नुसता मोजून लावायचा नाही.

आता तो हरवलेला महत्त्वाचा कागद. नियमात एक मेख आहे. भरपाई मिळते ती उशीर बँकेच्या कारणाने झाला असेल तरच. मग बँकेच्या कारणाने झाला हे कोण म्हणतं? सर म्हणतात. सरांचं म्हणणं पुरावा होत नाही. मी विचारलं, बँकेने लेखी काही कळवलं होतं का? तर म्हणाले, "एक ई-मेल आला होता २ एप्रिलला. पण तो इतका उर्मट होता, की मी जोडलाच नाही. दिलगिरी म्हणे! त्यांच्या दिलगिरीला काय करायचंय?"

फोनवर उघडून दाखवला. मजकुराचा आशय असा : तुमची कागदपत्रे आमच्या मध्यवर्ती साठवण केंद्रातून मागवली आहेत, तिकडून यायला वेळ लागतो आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

बँक स्वतःच लिहून देतेय की कागद तिच्याच गोदामातून यायला उशीर लागतोय. सर कुठला फॉर्म द्यायचे राहिले नव्हते, सही चुकली नव्हती, वारसाचा वाद नव्हता. आपण दहा पानं लिहिली असती तरी या तीन ओळींची सर आली नसती. समोरच्याने लिहून दिलेला कागद आपल्या शंभर कागदांना भारी असतो, आणि नेमका तोच आपण रागाने बाजूला टाकतो.

याच्या उलटही एक कागद होता, आपल्या विरुद्ध जाणारा. २२ एप्रिलला बँकेचा एसएमएस आलेला, की कागदपत्रे शाखेत आली आहेत, घेऊन जा. सर गेले २४ तारखेला, कारण मधे बहिणीकडे कार्यक्रम होता. सरांनी हिशोब २४ पर्यंत धरला होता. मी म्हटलं एसएमएस जोडायचा आणि हिशोब २२ च्या आधी थांबवायचा. ते तयार होईनात. शेवटी वहिनींनी निकाल लावला : "अहो, एसएमएस पाठवल्याचं त्यांच्याकडे नसेल का?"

असणारच होतं. आपण लपवायचं आणि त्यांनी काढून दाखवायचं, यात बाकी सगळ्या कागदांची किंमत जाते.

मग हिशोब असा झाला. १४ फेब्रुवारीला कर्ज फिटलं. २०२४ लीप वर्ष, फेब्रुवारी २९ दिवसांचा. तीस दिवस पूर्ण झाले १५ मार्चला. १६ मार्चपासून उशीर सुरू. मार्चचे १६ दिवस, एप्रिलचे २१ तारखेपर्यंतचे २१ दिवस. एकूण ३७ दिवस, गुणिले ५,०००, म्हणजे १,८५,००० रुपये. सरांच्या आकड्यापेक्षा पंचवीस हजारांनी कमी. पण यातला प्रत्येक दिवस बँकेच्या स्वतःच्या कागदावरून मोजता येत होता. हा हिशोब आम्ही पत्राच्या मजकुरात कोंबला नाही. वेगळ्या पानावर कॅलेंडरसारखा मांडला, कुठला दिवस धरला आणि कुठला नाही हे लिहून, आणि ते पानही सहपत्र म्हणून जोडलं. मोजण्यात मतभेद असेल तर बँकेला नेमकं त्या पानावर बोट ठेवता यावं.

अजून एक अडचण कानावर आली होती. परिपत्रकाच्या नावात 'पर्सनल लोन' हा शब्द आहे. आपल्याकडे पर्सनल लोन म्हणजे लग्नासाठी, आजारपणासाठी घेतलेलं बिनतारण कर्ज. त्यामुळे शाखेत एकाने सरांना तोंडावर सांगितलं होतं, की तुमचं होमलोन आहे, तुम्हाला हे लागू नाही. पण रिझर्व्ह बँकेने ही संज्ञा कुठून घेतली ते त्याच परिपत्रकाच्या तळटीपेत दिलंय : ४ जानेवारी २०१८ चं दुसरं परिपत्रक. त्यातल्या व्याख्येत घरासाठी व्यक्तीला दिलेलं कर्जही पर्सनल लोनमध्येच धरलंय. म्हणून नुसतं पहिलं परिपत्रक जोडून भागत नव्हतं. व्याख्येचं ते पानही हवं होतं, आणि त्यातली ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवून. वाचणाऱ्याने शोधत बसू नये.

शेवटी पत्र झालं सव्वा पान. मधला एक तुकडा देते, म्हणजे बांधणी लक्षात येईल :

"सदर कर्जखात्यात दि. १४/०२/२०२४ रोजी संपूर्ण येणे रक्कम जमा होऊन खाते शून्य झाले (सहपत्र १, पान २). तसा दाखला आपण दि. २०/०२/२०२४ रोजी दिला (सहपत्र २, पान ३). मूळ कागदपत्रांसाठी मी दि. १८/०३/२०२४ रोजी लेखी अर्ज दिला (सहपत्र ४, पान ६). कागदपत्रे साठवण केंद्रातून येण्यास वेळ लागत असल्याचे आपण दि. ०२/०४/२०२४ च्या ई-मेलने कळविले (सहपत्र ५, पान ७)."

विशेषण एकही नाही. आणि सहीखाली हे :

सोबत (एकूण सहपत्रे ९, पाने १३, सर्व स्वयंसाक्षांकित प्रती, मूळ कागद माझ्याकडे आहेत) :
१. कर्जखात्याचा उतारा, दि. ०१/०१/२०२४ ते १४/०२/२०२४ : खाते शून्य झाल्याची तारीख (पाने १ व २)
२. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, दि. २०/०२/२०२४ (पान ३)
३. कर्ज घेताना बँकेकडे जमा केलेल्या मूळ कागदपत्रांची यादी, बँकेच्या शिक्क्यासह, सन २०१४ (पाने ४ व ५)
४. कागदपत्रे परत मागणारा माझा अर्ज, दि. १८/०३/२०२४, शाखेची पोच असलेली प्रत (पान ६)
५. उशिराचे कारण कळवणारा बँकेचा ई-मेल, दि. ०२/०४/२०२४ (पान ७)
६. कागदपत्रे शाखेत आल्याचा बँकेचा एसएमएस, दि. २२/०४/२०२४ (पान ८)
७. कागदपत्रे परत मिळाल्याची पावती व यादी, दि. २४/०४/२०२४ (पाने ९ व १०)
८. रिझर्व्ह बँकेचे दि. १३/०९/२०२३ चे परिपत्रक व दि. ०४/०१/२०१८ च्या परिपत्रकातील व्याख्या, संबंधित पाने (पाने ११ व १२)
९. उशिराच्या दिवसांचा हिशोब (पान १३)

बावन्न पानांची तेरा झाली. आधार नाही, पॅन नाही, वीजबिल नाही. बँकेला सर कोण आहेत हे माहीत आहे. पत्रात आपण कुठेच 'मी इथे राहतो' असा वाद घातलेला नाही, तर राहण्याचा पुरावा कशाला? ज्या कागदाचा आकडा पत्रातल्या कुठल्याच वाक्यापुढे कंसात येत नाही तो यादीतून काढायचा, आणि जो यादीत आहे पण मजकुरात त्याचा उल्लेखच नाही, तो एकतर फुकटचा आहे किंवा पत्रात काहीतरी लिहायचं राहिलंय. सहपत्र ३ बद्दल तसंच झालं. ते सरांनी नुसतं 'असू दे' म्हणून ठेवलं होतं. पत्रात वाक्य नव्हतं. मग वाक्य घातलं, की ही कागदपत्रे आपल्या ताब्यात होती. पुढे त्या वाक्याने प्रकरण वाचवलं.

ई-मेलची प्रत काढताना एक काळजी घ्यावी लागली. सरांनी आधी ई-मेलचा फक्त मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवून छापला होता. तो कोणीही टाइप करू शकतं. पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि वेळ वर दिसेल अशी थेट छपाई काढावी लागते. एसएमएसचंही तसंच. त्या दिवशीच स्क्रीनशॉट काढला तर फोनवर तारखेऐवजी 'आज' किंवा 'काल' असं येतं, आणि महिनाभराने त्या 'काल'ला काही अर्थ उरत नाही. तारीख आकड्यात दिसेल तेव्हा पुन्हा काढायचा. मूळ मेसेज मात्र फोनमधून पुसायचा नाही.

सहपत्र ७ बद्दलही थोडं. कागद परत घेताना बँक आपली सही घेते आणि तो कागद बऱ्याचदा स्वतःकडेच ठेवते. सरांनी तिथल्या तिथे मोबाइलवर त्याचा फोटो काढला होता, म्हणून आमच्याकडे प्रत आली. त्यात कुठकुठली कागदपत्रं मिळाली याची यादी, आणि प्रत्येकापुढे 'मूळ' असा शब्द होता. तुम्ही कधी कागद घ्यायला गेलात तर सही करण्याआधी तो फोटो काढाच. आणि वर 'कोणतीही तक्रार नाही' वगैरे छापलेलं असेल तर सही करण्याआधी वाचा.

६ मे ला पत्र शाखेत नेलं. तिथला आवक टपालाचा माणूस पहिल्या पानावर शिक्का मारून मोकळा होत होता. सरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की शिक्का 'सोबत' यादी असलेल्या पानावरही हवा. पत्र सव्वा पान, म्हणजे यादी दुसऱ्या पानावर. फक्त पहिल्या पानावर शिक्का असेल, तर उद्या 'पत्र मिळाले, सहपत्रे मिळाली नाहीत' असं म्हणायला जागा राहते. दोन मिनिटं कुरकुर झाली, पण मारला शिक्का. प्रत्येक सहपत्राच्या वरच्या कोपऱ्यात १/१३, २/१३ असे आकडे पेनाने घातले होतेच, त्यामुळे मधलं एखादं पान गळलं तर लगेच कळलं असतं. तोच संच स्कॅन करून बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेलनेही पाठवला. फाइलींची नावं `IMG_20240424.jpg` अशी सोडली नाहीत, `05_Email_2024-04-02.pdf` अशी दिली. यादीतला क्रमांक आधी, मग कागद, मग तारीख. उघडणाऱ्याच्या स्क्रीनवर त्या आपोआप यादीच्याच क्रमाने लागतात.

२७ मे ला उत्तर आलं. पैसे द्यायला बँक तयार, पण ३५,०००.

हे कुठून आलं? परिपत्रकात अजून एक तरतूद आहे. बँकेकडून मूळ कागद हरवले किंवा खराब झाले तर बँकेने स्वतःच्या खर्चाने कर्जदाराला दुसऱ्या प्रती मिळवून द्यायला मदत करायची, आणि त्यासाठी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात. म्हणजे अशा प्रकरणात भरपाईचा हिशोब एकूण ६० दिवसांनंतर सुरू होतो. बँकेचं म्हणणं, सरांचे कागद 'साठवण केंद्रात वेळेत आढळून आले नाहीत', सबब वाढीव मुदत लागू. साठ दिवस १४ एप्रिलला संपतात. १५ ते २१ एप्रिल सात दिवस, गुणिले पाच हजार, ३५,०००.

सर हबकले. "घेऊन टाकू का ताई? पस्तीस तर पस्तीस."

मी म्हटलं थांबा, याचं उत्तर आपल्या तेरा पानांतच आहे, नवीन कागद एकही लागणार नाही. वाढीव मुदत आहे ती कागद हरवले तर, दुसऱ्या प्रती मिळवण्यासाठी. २०१४ च्या यादीत (सहपत्र ३) जी कागदपत्रं बँकेने घेतली, तीच २४ एप्रिलच्या पावतीत (सहपत्र ७) 'मूळ' म्हणून परत दिली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं, हरवलं काहीच नव्हतं. दुसऱ्या प्रती काढल्याच नाहीत, तर त्यासाठीची मुदत कशी मिळेल? आणि २ एप्रिलच्या बँकेच्याच ई-मेलमध्ये (सहपत्र ५) कागद मागवले आहेत असं आहे, सापडत नाहीत असं नाही.

दुसरं पत्र झालं आठ ओळींचं. २९ मे ला दिलं. त्यात 'सोबत' खाली एकच ओळ : बँकेचे दि. २७/०५/२०२४ चे उत्तर (पान १). बाकी सगळे हवाले 'माझ्या दि. ०६/०५/२०२४ च्या पत्राचे सहपत्र ३, ५, ७' असे. पहिल्या पत्रात 'वरीलप्रमाणे कागदपत्रे' लिहिलं असतं, तर दुसऱ्यात कशाकडे बोट दाखवणार होतो?

१४ जूनला सरांच्या खात्यात १,८५,००० जमा झाले.

नसते झाले तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याचा नियम असा, की आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर मग `cms.rbi.org.in` वर तक्रार. तिथेही कागद अपलोड करावे लागतात, आणि बँकेकडे कधी तक्रार केली, बँक काय म्हणाली, हे सगळ्यात आधी विचारलं जातं. आमचा संच तयारच होता, वर फक्त दोन पत्रं आणि एक उत्तर लावायचं होतं.

याची मर्यादाही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच. गिऱ्हाईक गेलं त्याचं काय? त्याची भरपाई या पत्रात मागितली नाही. इसाराची पावती होती, पण गिऱ्हाईक याच कारणाने मागे हटलं असं लिहिलेला कागद नव्हता, आणि तो लिहून द्यायला तयार नव्हता. मागणी केली असती तर बँकेने त्याच मुद्द्यावर पत्र दोन महिने फिरवलं असतं आणि दिवसांच्या भरपाईचा स्वच्छ हिशोबही त्यात अडकला असता. माझं मत असं, की कागदावर उभी राहणारी मागणी आणि न राहणारी मागणी एका पत्रात घालू नये. काहींना हे पटणार नाही. वकील मित्रांनी जरूर लिहावं.

आता उरलंय एक. परिपत्रकात कागद परत देण्याबरोबर बोजा काढण्याचंही म्हटलंय. सरांनी गेल्या आठवड्यात शोध घेतला, तर फ्लॅटवर बँकेच्या गहाणाची नोंद अजून तशीच दिसतेय. म्हणजे नवीन गिऱ्हाईक आलं तरी पुन्हा तेच. त्यासाठी पत्र लिहून झालंय, सोमवारी देणार आहेत. या वेळी सरांनी मला न विचारता लिहिलं आणि आणून दाखवलं. सहपत्रे दोनच : कर्ज फिटल्याचा दाखला, आणि शोधाच्या अहवालाचं ते पान, तारखेसकट.

मी फक्त पानांना आकडे घाला म्हटलं.